नऊ वर्षांनी नोकरी आणि घरातली रंगीत तालीम

मुलगी दोन वर्षांची असताना नोकरी सोडली होती, मग मुलगा झाला, आणि 'अजून एक वर्ष, मग बघू' असं करत करत ९ वर्षं गेली. आधी मी अकाउंट्समध्ये होते, सप्लायरची बिलं तपासणं, पेमेंट सोडणं, महिनाअखेरचं क्लोजिंग. आता मुलगी ११ची, मुलगा ७चा, सासूबाई आमच्याकडेच असतात, वय ७१. यावर्षी परत त्याच कामात लागले. इंटरव्ह्यूबद्दल लिहिणारे खूप आहेत म्हणून ते थोडक्यात सांगते आणि घरात काय काय ठरवावं लागलं त्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण मला खरी तयारी तिथे करावी लागली आणि त्याबद्दल मला आधी कोणी नीट काही सांगितलं नव्हतं.

इंटरव्ह्यूत गॅपबद्दल विचारतातच. मी एका वाक्यात सांगितलं की मुलं लहान होती म्हणून थांबले, आता घरची व्यवस्था लागली आहे, आणि लगेच गेल्या चार महिन्यांत काय शिकले त्यावर आले. मी काम सोडलं तेव्हा एका यादीतला आकडा दुसरीत आणायला आम्ही एक्सेलमध्ये सगळीकडे VLOOKUP वापरायचो, मध्ये एखादा कॉलम घातला की चुकीचा आकडा उचलायचा आणि आम्ही तासन्‌तास शोधत बसायचो. आता XLOOKUP आहे, त्यात तो त्रास नाही, हे मी घरी बसून जुन्या पद्धतीच्या शीटवर करून पाहिलं होतं तेच सांगितलं. पगाराच्या बाबतीत ९ वर्षांपूर्वीचा आकडा मी स्वतःहून काढला नाही, आज त्या पदाला काय देतात तेच विचारलं. ऑफर आली. वेळ साडेनऊ ते साडेसहा, जाण्यायेण्याचे पाऊण पाऊण तास, आणि क्लोजिंगसाठी महिन्याचे शेवटचे दोन आणि पुढच्या महिन्याचे पहिले तीन कामाचे दिवस उशीर होणार हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी दोनच गोष्टी मागितल्या: जॉइन व्हायला पाच आठवडे, आणि पहिल्या दिवसापासून लॅपटॉप घरी न्यायची परवानगी. चार आठवडे मिळाले, लॅपटॉप मिळाला. ही दुसरी मागणी किती कामाला आली ते पुढे सांगते.

पण इंटरव्ह्यूचा कॉल आला त्याच रात्री नवऱ्याशी पहिलं बोलणं झालं होतं आणि ते फसलं. तो मनापासून म्हणाला, "अगं तू काळजीच करू नकोस, तू फक्त सांग, मी करतो." मला तेव्हा बरं वाटलं आणि झोपताना मात्र छातीवर ओझं तसंच होतं, का ते कळेना. कळलं दोन दिवसांनी, बुटांवरून.

सकाळी ७:१०ला मुलगा शाळेचे बूट घालताना म्हणाला, "आई, हे चावतात." शनिवारी मी नवऱ्याला सांगितलं की याला बूट घेऊन ये, तो गेला, ४० मिनिटांत घेऊन आला, छान बूट होते. त्याच्या दृष्टीने बुटांचं काम त्याने केलं आणि ते खरंच आहे. पण मुलगा चावतात म्हणाला ते कानावर पडणं, पायाचं माप घेणं, शाळेत कुठल्या रंगाचे चालतात ते जुन्या नोटिशीत शोधणं, शनिवारी दुपारी दुसरं काही नाही ना ते बघणं, आणि आठवड्याने टाचेला लाल झालंय का ते पाहणं, हे सगळं माझ्याकडेच होतं. ४० मिनिटं त्याची दिसली, बाकीचं कुणाला दिसलंच नाही, मलाही नाही. 'तू सांग' म्हणजे लक्षात ठेवायचं काम माझ्याकडेच राहणार, आणि ऑफिसमध्ये पेमेंटची फाइल उघडी असताना डोक्यात बूट चालू राहणार.

यावर वाचताना ॲलिसन डॅमिंजर नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंचा २०१९ सालचा अभ्यास सापडला. त्यांनी ३५ जोडप्यांच्या मुलाखती घेऊन घरातल्या डोक्याच्या कामाचे चार भाग सांगितलेत: गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि नंतर नीट झालं का ते बघणं. त्यांना असं दिसलं की निर्णय बरेचदा दोघं मिळून घेतात, पण पहिला आणि शेवटचा भाग जास्त करून बाईकडे असतो. मला एकदम आमचे बूट आठवले. मला 'मदत' नको होती, चारही भागांसकट काही कामं पूर्ण दुसऱ्याकडे जायला हवी होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा शब्दांत मांडता आलं.

मग मी १४ दिवस एक वही केली. जे जे केलं ते आणि जे जे नुसतं आठवलं तेसुद्धा, वेळेसकट. एकसारख्या नोंदी एकत्र केल्यावर ४६ कामं उरली. मला वाटलं होतं हा आकडा दाखवला की संपलं, पण तसं झालं नाही. नवऱ्याने वही वाचली आणि म्हणाला, "मग माझीही कामं लिही ना, बिलं, गाडी, विमा, टॅक्स, नळ गळला की प्लंबर." आणि त्याचं बरोबर होतं, ती मी लिहिली नव्हती. आम्ही त्याची लिहिली, ती ११ निघाली. तिथे आमचं ४६ विरुद्ध ११ असं भांडण सुरू झालं असतं आणि संपलं नसतं, पण मी अकाउंट्सवाली, मला एक दुसरा कॉलम घालायची सवय, म्हणून मी प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न लिहिला: हे उद्यावर ढकलता येतं का?

त्याच्या ११ पैकी ९ ढकलता येत होती. गाडीचं सर्व्हिसिंग या शनिवारी नाही तर पुढच्या. माझ्या ४६ पैकी १९ कामं अशी होती की ती त्या त्या वेळेलाच व्हायला हवीत, मुलांना उठवणं, डबे, बस, सासूबाईंच्या गोळ्या, संध्याकाळी मुलं घरी येतात तेव्हा कोणीतरी असणं. तो गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे तू कुठे जाऊच शकत नाहीस." नोकरीच्या वेळेला भिडतात ती ही १९ कामं, बाकीची रात्री किंवा रविवारी होऊन जातात. त्यामुळे वाटणी कामांच्या संख्येवर नाही, या १९वर करायची असं ठरलं आणि बोलण्यातला कडवटपणा बराच कमी झाला.

दुसरं बोलणं मुद्दाम रविवारी सकाळी ठेवलं, मुलं आजीबरोबर बागेत गेली होती. रात्री थकून बोललं की आमच्याकडे नेहमी आवाज चढतो. सुटी सुटी कामं वाटायची नाहीत, अख्खं खातं द्यायचं, हे मी आधीच सांगितलं. त्याने शाळा घेतली, पूर्ण, म्हणजे मेसेज, फॉर्म, फी, बस, पालकसभा, प्रोजेक्टचं सामान, बूट, सगळं. आणि सकाळी साडेसहा ते साडेआठ घर त्याचं. त्यासाठी त्याला ऑफिसची रोजची ९ची मीटिंग १०ला न्यावी लागली. तो आधी म्हणाला विचारता येणार नाही, टीममध्ये बरं दिसत नाही. मी म्हटलं, "मी नवीन ठिकाणी, ९ वर्षांनी जाऊन लॅपटॉप मागितला, तू १२ वर्षं आहेस तिथे." त्याने विचारलं आणि पाच मिनिटांत हो मिळालं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण नोकरी माझी सुरू होत होती पण ऑफिसशी बोलणं दोघांनाही करावं लागलं, नाहीतर सगळी तडजोड एकाच नोकरीतून निघते, आणि ती नवीनच असते.

प्रत्येक खात्याला 'एवढं झालं की झालं' असं किमान ठरवलं. हे माझ्यासाठी अवघड होतं. युनिफॉर्म आदल्या रात्री वाळलेला आणि जागेवर हवा, इस्त्री नसली तरी चालेल असं ठरलं, आणि मी इतकी वर्षं रोज इस्त्री केली होती. पहिल्या सोमवारी मुलगी चुरगळलेल्या बाहीने बसमध्ये चढली आणि मी खिडकीत उभी राहून हात घट्ट धरून ठेवले.

सासूबाईंशी बोलणं वेगळं करायचं आणि ते नवऱ्याने करायचं, मी फक्त सोबत बसायचं, असं मी सांगितलं. मी मागितलं असतं तर ते सुनेने मागितलेलं झालं असतं आणि त्या ज्या दिवशी दमतील त्या दिवशी मला अपराधी वाटलं असतं. आणि 'आई आहेतच की घरी' असं गृहीत तर अजिबात धरायचं नव्हतं. त्याने सरळ विचारलं, "आई, तुला काय जमेल आणि काय नको?" त्यांनी थोडा विचार केला. "पोरं आली की दार उघडीन, खायला देईन, त्यांच्या गप्पा ऐकीन. अभ्यासाला बसवणं आणि दोघांची भांडणं सोडवणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. आणि बुधवारी मी मैत्रिणीकडे जाते ते मी बंद करणार नाही." इतकं स्पष्ट त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या, आणि मीही त्यांना असं कधी विचारलं नव्हतं. मग बुधवारसाठी पाळणाघर, आणि रोज संध्याकाळी स्वयंपाकाला बाई असं ठरलं.

इथे पैशाचा विषय आला. नवरा सहज म्हणाला, "तुझ्या पगारातले ४० टक्के यातच जातील." चुकीचं नव्हतं, पण मी थांबवलं. हा खर्च माझ्या पगारातूनच का वजा करायचा? मुलं दोघांची, जेवण सगळ्यांचं. दोघांच्या मिळून उत्पन्नातून वजा केलं तर तोच खर्च १५ टक्के होतो. खर्च तेवढाच आहे, पण नुसतं माझ्या पगारापुढे ठेवला की माझी नोकरी परवडत नाही असं वाटायला लागतं आणि मग एखाद्या वाईट आठवड्यात 'कशाला एवढं' हा प्रश्न पहिला माझ्याच नोकरीवर येतो. तेव्हापासून तो खर्च आम्ही जॉइंट खात्यातूनच करतो.

आता रंगीत तालमीबद्दल. चार आठवडे हातात होते, ते मी अभ्यासात घालवणार होतेच, मग ठरवलं की तो अभ्यास घराबाहेर करायचा. रोज ८:३०ला निघायचं, लायब्ररीत बसायचं, ७:३०ला परत. फोन बॅगेत, फक्त तातडीचं असेल तर कॉल. घरी बसून 'समजा मी नाहीये' असं करून होत नाही, कारण मुलगा मोजे कुठेत म्हणून तुम्हालाच विचारतो आणि तुम्ही सांगून टाकता.

पहिला आठवडा छान गेला, सगळे उत्साहात होते. दुसऱ्या आठवड्यात गडबड झाली. रात्री ९:४०ला मुलाला आठवलं की उद्या प्रोजेक्टला रंगीत कागद आणि पुठ्ठा न्यायचा आहे. दुकानं बंद. नवरा म्हणाला मला माहीतच नव्हतं. मला माहीत होतं. मी दोन दिवसांपूर्वीच ग्रुपवर तो मेसेज वाचला होता, त्याला सांगायचं नाही म्हणून दोन दिवस गप्प बसले होते आणि तो मेसेज सारखा डोक्यात टोचत होता. मुलगा रडला, दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने गेला, डायरीत शेरा आला. मला खूप वाईट वाटलं. पण त्या रात्री एक कळलं की खातं मी दिलं होतं पण लक्ष ठेवणं दिलंच नव्हतं, मी अजून शाळेच्या ग्रुपमध्ये होते. त्याच रात्री ग्रुप सोडला. माझ्या जागी नवऱ्याचा नंबर होताच, पण मी आहे म्हटल्यावर तो तरी कशाला वाचेल. शेरा त्याने सही करून दिला आणि स्वतःच रोज रात्री ८ला शाळेचे मेसेज वाचायचा अलार्म लावला. मी तो सुचवला असता तर तो माझा अलार्म राहिला असता.

अर्थात सगळीच कामं अशी चुकू द्यायची नाहीत. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांचं खातं आम्ही वेगळ्या पद्धतीने दिलं. दोन आठवडे दोघांनी बरोबर भरलं, आठवड्याचा कप्प्यांचा डबा आणला, रविवारी तो भरणार आणि मी मोजणार, आणि सलग दोन रविवार बरोबर आल्यावरच मी मोजणं सोडलं. चुकल्यावर फक्त वाईट वाटेल ते काम लगेच सोडता येतं, इजा होऊ शकते ते असं शेजारी उभं राहूनच सोडायला हवं.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मला कुणीतरी आधी सांगायला हवी होती. शाळेच्या नोंदीत पहिला नंबर बरेचदा आईचा असतो. आम्ही फॉर्म भरून तो बदलला, पहिला बाबांचा केला. तरी पहिले तीन कॉल मलाच आले, कारण क्लासटीचरच्या फोनमध्ये माझा नंबर सेव्ह होता. नवरा शाळेत जाऊन बाईंना स्वतः भेटला, आपला नंबर सेव्ह करून दिला, तेव्हा ते थांबलं. डॉक्टर, बसवाले दादा, पाळणाघर, सगळीकडे हेच करावं लागलं. आधी मी नंबर बदला म्हणून सांगून पाहिलं होतं, त्याने काही झालं नाही. त्याने स्वतः जाऊन सांगितलं तेव्हाच झालं.

मग नोकरी लागली. मुलं आजारी पडली तर कोण जाणार हेही ठरलेलं होतं: सोमवार, बुधवार, शुक्रवार तो, मंगळवार, गुरुवार मी, आणि माझ्या क्लोजिंगच्या पाच दिवसांत वार कुठलाही असो, तो. दुसऱ्या महिन्याचं क्लोजिंग, दुपारी २:२०, शाळेतून फोन, मुलाला ताप. त्यांनी आधी नवऱ्याला लावला होता, तो कामासाठी परगावी होता, फोन लागत नव्हता. सासूबाईंना एकट्याने त्याला आणायला पाठवणं शक्य नव्हतं. ही फट आम्ही ठेवलीच होती, तो गावाला असेल आणि क्लोजिंगही असेल तर काय, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

मी मॅनेजरकडे गेले. आधी मनात माफीचं वाक्य तयार होतं, ते मी म्हटलं नाही. सांगितलं की मुलाला घ्यायला जावं लागतंय, आजच्या पेमेंटमधली बरीचशी बिलं तपासून झाली आहेत, २३ उरली आहेत, त्यातली ४ आज जायलाच हवीत ती आत्ता करून निघते, बाकीची रात्री ९ला घरून लॉगिन करून संपवते. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, झाल्यावर मेल टाका." एवढंच. ९ला मुलगा झोपल्यावर बसले, ११:१५ला मेल टाकला. लॅपटॉपची परवानगी तेव्हा मागत बसले असते तर काम दुसऱ्या दिवसावर गेलं असतं.

त्या रविवारी आम्ही तिसरं नाव ठरवलं, शेजारच्या एक ताई, त्यांनाच विचारून, आणि त्यांच्या मुलांसाठी आमचं नाव त्यांच्याकडे. शाळेत मुलाला सोडायची लेखी परवानगी त्यांच्या नावाने दिली, कारण नुसतं फोनवर सांगून शाळा मूल दुसऱ्याच्या हाती देत नाही. आता नवऱ्याचे दौरे कळले की तो आधी माझ्या क्लोजिंगच्या तारखा बघतो, त्या त्याच्या कॅलेंडरमध्ये वर्षभराच्या टाकून ठेवल्यात.

रविवारी २० मिनिटं बसतो, पुढच्या दोन आठवड्यांचं कॅलेंडर समोर ठेवून. गेल्या आठवड्यात कोणाचं काय चुकलं हे त्यात काढायचं नाही असं ठरवलंय, एक-दोनदा काढलं आणि २० मिनिटांचे दोन तास झाले. सुरुवातीला त्याने सुट्टी घेताना ऑफिसात 'वैयक्तिक कारण' लिहिलं होतं, साहेबांनी विचारलं होतं, "घरी कोणी नाही का?" तेव्हा त्याला राग आला आणि वाईटही वाटलं. आता तो 'मुलगा आजारी' असंच लिहितो. त्याच्या टीममधल्या एकाने मग त्याला येऊन विचारलं की तुम्ही सकाळचं कसं जमवता.

सगळं लागलंय असं नाही. नातेवाईकांचे वाढदिवस, कोणाकडे कधी जायचं, कोणाला फोन करायचा राहिलाय, हे अजून माझ्याच डोक्यात आहे. नवऱ्याच्या मामींना फोन करायचं मी परवा दुपारी मीटिंगमध्ये वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं. आणि मुलांची मोठी सुट्टी आली आहे, सहा आठवडे, तेव्हा १९ कामांची यादी पूर्ण बदलते, शाळा नसते म्हणजे त्याचं खातं रिकामं आणि दिवसभर मुलं घरी. सासूबाईंनी आधीच सांगितलंय, "दिवसभर माझ्याच्यानं नाही व्हायचं हं." येत्या रविवारी २० मिनिटं पुरणार नाहीत म्हणून सकाळी १० ते १२ ठेवलंय, मामींचा फोन कोणाच्या खात्यात तेही त्यातच ठरवायचंय.